यीस्ट जिवंत असतं का आणि व्हीगन लोकांना चालतं का?

प्रश्न : ते बारीक दाणे खडीसाखरेसारखे कोरडे असतात, मग त्यात जीव असतो कसा? आणि मुलगा म्हणतो ही बुरशी आहे, खरं का? (कराड)

मुलाचं बरोबर आहे ताई. बेकरीचं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी नावाची बुरशी, अळंबीच्याच मोठ्या कुळातली, फक्त हिची प्रत्येक पेशी म्हणजे एक अख्खा जीव आणि तो मिलीमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही लहान. तिच्या अंगाला बारीक फुगवटा येतो, तो मोठा होऊन सुटा होतो, अशी ती वाढते. कारखान्यात मोठ्या टाक्यांमध्ये सतत हवा सोडत हिला वाढवतात आणि खायला घालतात ती बहुतेक ठिकाणी मळी, आपल्याकडे साखर कारखान्यातून निघते तीच. नंतर पाणी काढत काढत वाळवतात, पेशी मरत नाही, निजते. पाणी आणि साखर मिळाली की उठते.

खात्री करायची असेल तर अर्धा कप कोमट पाणी घ्या, बोट घातलं तर सुखद लागेल एवढंच गरम, त्यात चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट टाकून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. वर फेस चढला तर जिवंत आहे. काहीच झालं नाही तर पुडी जुनी झालीय किंवा तुम्ही पाणी जास्त गरम घेतलंत, साठ अंशाच्या जवळ गेलं की यीस्ट पटापट मरतं आणि पुडी चांगली असून नाव तिचं खराब होतं.

प्रश्न : जिवंत आहे म्हणता, मग पाव भाजताना ते मरतं. व्हीगन माणसाला हे कसं चालतं? (इस्लामपूर)

मरतं हे खरं आहे, भाजून झालेल्या पावाच्या आतलं तापमान नव्वदच्या पुढे जातं, तिथे एकही पेशी टिकत नाही. पण व्हीगन खाण्यात प्रश्न जिवंत आहे की नाही हा नसतोच दादा, कोथिंबीरही जिवंत असते. प्रश्न असतो प्राण्याचा, म्हणजे त्याचं मांस, दूध, अंडी, मध. यीस्ट प्राणी नाही, तिला मज्जासंस्था नाही, वेदना कळायला लागतं त्यातलं काहीच तिच्याकडे नाही. म्हणून नुसतं यीस्ट व्हीगन, यात मला शंका नाही. तुमच्या घरी जैन आचार असेल तर मात्र तिथला नियम वेगळा, सूक्ष्म जीवांचाही विचार करणारा, त्यामुळे अनेक जैन घरांत यीस्ट घेत नाहीत. दोन्ही गोष्टी एकात मिसळू नका.

प्रश्न : भावाने परदेशातून आणलेल्या पुडीवर यीस्टशिवाय "इमल्सिफायर ई ४९१" लिहिलंय. हे काय असतं? (मिरज)

हा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण यीस्टच्या पुडीत अडचण असली तर इथेच असते. ४९१ म्हणजे सॉर्बिटन मोनोस्टिअरेट. इन्स्टंट यीस्ट वाळवताना पेशीचं आवरण फाटू नये आणि पुन्हा पाणी लागल्यावर ती नीट भिजावी म्हणून हे घालतात, प्रमाण थोडंसंच. हे बनतं सॉर्बिटॉल आणि स्टिअरिक ॲसिडपासून. सॉर्बिटॉल स्टार्चच्या साखरेतून येतं, त्याचं काही नाही, पण स्टिअरिक ॲसिड पाम तेलासारख्या वनस्पती तेलातूनही काढतात आणि जनावराच्या चरबीतूनही, आणि तयार झालेला पदार्थ दोन्हीकडून सारखाच, त्यामुळे नुसता आकडा वाचून काहीच कळत नाही.

आता तुमची पुडी घ्या. भारतात विकायला असती तर आधी हिरवा ठिपका शोधा म्हटलं असतं, कारण जनावराची चरबी घटकात असेल तर तो ठिपका लावता येत नाही, म्हणजे हिरव्या ठिपक्याच्या पुडीतलं ४९१ चरबीचं नाही असं धरता येतं. बाहेरून आणलेल्या पुडीवर हा ठिपका नसणारच, मग तिच्यावर "व्हीगन" छापलंय का बघा, नसेल तर कंपनीला ईमेल करून स्टिअरिक ॲसिड कशापासून केलंय एवढंच विचारा. उत्तर येईपर्यंत थांबायचं नसेल तर बेकरीवाल्यांकडे मिळणारं ओलं यीस्ट घ्या, ते वाळवलेलंच नसल्याने त्यात साधारणपणे हे नसतं, पण फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावं लागतं. वापरताना कोरड्या इन्स्टंटच्या जवळपास तिप्पट घ्यायचं, म्हणजे रेसिपीत ५ ग्रॅम असेल तर ओलं १५ ग्रॅम.

प्रश्न : मग हिरवा ठिपका असलेला पाव व्हीगन समजायचा ना? (सातारा)

नाही! हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे, दूध आणि मध असलं तरी तो लागतो. ब्रेडमध्ये दूध पावडर, बटर, व्हे घालणं अगदी नेहमीचं आहे, आणि लादीपावावर चकाकी यावी म्हणून काही ठिकाणी वरून दूध किंवा बटर फिरवतात. पॅकेटचा ब्रेड असेल तर घटक वाचा, सुटा पाव असेल तर भट्टीवर जाऊन पिठात काय घालता आणि वरून काय लावता हे दोन्ही विचारा, कारण पहिल्याचं उत्तर "काही नाही" असलं तरी दुसऱ्याचं "बटर" असू शकतं.