एलएसजीची बढती नाकारायची तर हिशेब करून नाकारा

*सर, मी २०१४ पासून कोल्हापूर जिल्ह्यात पोस्टल असिस्टंट आहे. २०२४ला पहिलं एमएसीपी, म्हणजे बढतीशिवायची वरची वेतनपायरी, मिळालं. आता बेसिक ३७,००० आहे. यंदा एलएसजीच्या यादीत नाव येईल असं ऑफिसात म्हणतात. मला ते नको आहे. सासऱ्यांना पार्किन्सन आहे, मुलगा सातवीत आहे, आणि संध्याकाळी मी गावातल्या मुलींना खो-खो शिकवते. ते सोडून कुठल्या तरी लांबच्या ऑफिसात एसपीएम, म्हणजे उपडाकघराची प्रमुख, म्हणून जायची इच्छा नाही. दीर म्हणतात, लक्ष्मी दाराशी आली आणि तू कडी लावतेस. मी चुकतेय का? – एक वाचक, कोल्हापूर जिल्हा*

ताई,

करिअर मार्गदर्शनाकडे वळण्याआधी मी बरीच वर्षं पोस्टात काढली, त्यामुळे तुमचं पत्र वाचताना काउंटरवरच्या शिक्क्याचा आवाज ऐकू आला. दिरांच्या लक्ष्मीचा हिशेब आधी करू.

तुम्ही वेतनाच्या लेव्हल ४ वर लागलात. दहा वर्षांनी एमएसीपीने लेव्हल ५ वर आलात. एलएसजीचं पदही लेव्हल ५चंच आहे. एमएसीपीने जी लेव्हल आधीच मिळाली, त्याच लेव्हलच्या पदावर बढती झाली तर वेतननिश्चिती पुन्हा होत नाही. म्हणजे एलएसजी घेतलंत तरी बेसिक ३७,०००च राहील. बदलेल ते पद, ठिकाण आणि जबाबदारी. लक्ष्मी २०२४लाच घरात आली, हे दिरांना सांगायला हरकत नाही.

२०२४च्या आधी नकार दिला असतात तर गोष्ट वेगळी होती. एमएसीपी मिळण्यापूर्वी नियमित बढती नाकारली, तर ते एमएसीपीच मिळत नाही. बढतीची संधीच न मिळाल्यामुळे जो अडकून पडला त्याच्यासाठी ही योजना आहे, ज्याने संधी सोडली त्याच्यासाठी नाही, असा त्यामागचा विचार. एमएसीपीच्या आधीच्या एसीपी योजनेबाबत सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२२मध्ये हेच मान्य केलं. हा नियम माहीत नसताना केवळ तोंडी सल्ल्यावर 'डिक्लाइन' लिहून दिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं दुःख मला आजही आठवतं. तुमच्या ऑफिसात असं कोणी कमी सेवेचं असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

तुमचं पहिलं एमएसीपी या नकारामुळे काढून घेतलं जाणार नाही. किंमत लागेल ती दुसऱ्याला, म्हणजे २०३४च्या एमएसीपीला. नियमात दोन गोष्टी आहेत. बढतीसाठी पुन्हा तयार आहात असं सांगेपर्यंत पुढचं एमएसीपी मिळत नाही. शिवाय नकारामुळे जितका काळ बढतीपासून दूर ठेवलं जातं, तितकं ते पुढे सरकतं. हा काळ सहसा एक वर्षाचा, किंवा पुढची जागा रिकामी होईपर्यंतचा, यातला जो नंतर संपेल तो.

आता आकडे. दरवर्षीची वेतनवाढ धरली तर २०३४च्या जुलैत लेव्हल ५ मध्ये तुमचं बेसिक ४८,२०० होईल. एमएसीपी मिळालं तर लेव्हल ६ मध्ये ५०,५००. फरक महिन्याला २,३००, वर्षाला २७,६००, वर महागाई भत्ता. आठव्या वेतन आयोगानंतर हे आकडे बदलतील, पण फरकाचं प्रमाण साधारण असंच राहील असं धरून चाला. म्हणजे एका नकाराची मुख्य किंमत ही. आता तुमच्या भागात लांबच्या गावी एक खोली घ्यायची तर महिना पाच हजार भाडं धरा, वर्षाला ६०,०००. त्यात सासऱ्यांसाठी ठेवायची बाई आणि दर शनिवारची एसटी मिळवली, तर नकार स्वस्त पडतो.

पण नकारांची संख्या मोजत जा. यादी पुन्हा निघेल, नाव पुन्हा येईल. प्रत्येक नकाराला एक वर्ष धरलं, तर तीन नकारांनी २०३४चं २०३७ होतं, आणि पुढचं तिसरं एमएसीपीही त्याच हिशेबाने मागे जातं. शेवटपर्यंत नकारच दिलात तर दुसरं एमएसीपी येतच नाही. म्हणून माझा सल्ला असा: आता नकार द्या, पण कायमचा देऊ नका. मुलगा २०३१-३२च्या आसपास बारावीतून बाहेर पडेल. तेव्हा बढतीला तयार असल्याचं लेखी कळवा. मधल्या काळात तुमच्यापेक्षा कनिष्ठ असलेले एलएसजी झाले, तर त्या पदावरची ज्येष्ठता त्यांची. ती परत मिळणार नाही, हे आत्ताच मनाशी मान्य करा.

ज्येष्ठतेचा हा भाग कागदावर छोटा असला तरी ऑफिसात मोठा होतो. तुम्ही शिकवलेला मुलगा उद्या तुमच्या रजेच्या अर्जावर सही करेल. त्याच्या चुका शोधायची सवय लागली, किंवा 'मी सोडलं म्हणून तुला मिळालं' हे दुसऱ्यांदा तोंडात आलं, तर समजा की नकार मनापासून नव्हता. तसं वाटलं तर पुढच्या यादीला होकार द्या, त्यात कमीपणा नाही.

आता एसपीएमची खुर्ची. तुम्ही ती टाळताय ते समजण्यासारखं आहे. एक-दोन माणसांच्या ऑफिसात रोकड, तिजोरीची किल्ली आणि खालच्या शाखा डाकघरांचे रोजचे हिशेब एकाच माणसाच्या अंगावर येतात. शाखेत अफरातफर झाली, तर देखरेखीत हलगर्जी झाली म्हणून एसपीएमच्या पगारातून वसुली निघू शकते. माझ्या एका सहकाऱ्याने दुसऱ्याच्या चुकीचे हप्ते भरले.

मग तुम्ही नेमकं काय करणार? हे सांगता आलं नाही, तर नकार फक्त घरासाठी ठरतो आणि ऑफिसात तुम्ही 'अडकलेली बाई' होता. २०२५मध्ये एपीटी ही नवी संगणक प्रणाली आली तेव्हा काउंटरवर काय गोंधळ उडाला, ते तुम्ही पाहिलं आहे. विभागात नवीन पोस्टल असिस्टंट म्हणजे पीए आणि ग्रामीण डाकसेवकांना हे शिकवणारं, बचत बँकेच्या जुन्या खात्यांच्या, मृत्यूदाव्याच्या किचकट प्रकरणांत हात घालणारं कुणीतरी लागतंच. त्यातलं एक काम निवडा, वर्षभर नेटाने करा. मात्र ते लेखी कार्यवाटपात येऊ द्या. नाहीतर 'ताईंना येतं' म्हणत सगळ्यांच्या फायली तुमच्याच टेबलावर येतील आणि सहाची खो-खो साडेसातला सुरू होईल.

एक गैरसमज काढतो. पीए राहिलात म्हणजे बदली टळली असं नाही. मुदत संपली की बदली होतेच, फक्त ती बहुधा विभागातल्या विभागात.

नकार देताना आदेशाची वाट पाहा, आधी तोंडी काही बोलू नका. आदेश आला की लगेच अर्ज द्या. त्यात सासऱ्यांच्या आजाराची कागदपत्रं जोडा, कारण नकार मंजूर करणं न करणं नेमणूक अधिकाऱ्याच्या हाती असतं. कारण पटलं नाही, तर बढतीचा आदेश तसाच राहतो आणि न गेल्यास कारवाई होऊ शकते. अर्जात 'या वेळी' हे दोन शब्द हवेतच, 'कायम' हा शब्द नको. मंजुरीचं पत्र हाती आलं की सर्व्हिस बुकात नोंद झाली का ते स्वतः पाहा आणि त्या पानाची प्रत घरी ठेवा. २०३४मध्ये तुमची फाइल बघणारा कारकून आज कदाचित कॉलेजात असेल, त्याला तुमच्या तोंडून काहीच कळणार नाही.