शहाबादी फरशीवर रांगोळी बसवताना

*"शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या दाराचा फोटो आहे, एक फुटी शहाबादी फरशी. त्यावर ठिपक्यांची पांढरी रांगोळी टाकली की ती हवेत तरंगल्यासारखी दिसते. आडवी चेपून बघितली तरी खोटीच वाटते, आणि Multiply केलं की रेघच गायब होते. गिंप वापरते. काय चुकतंय?"*

तुमच्या दोन वेगळ्या चुका एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली चेपण्याची आणि दुसरी पांढऱ्या रंगाची. आधी पहिली घेऊ, कारण बैठक चुकली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

रांगोळी आडवी चेपली की सगळ्या ओळी सारख्याच चेपतात. फरशी तशी दिसत नाही. पुढची फरशी मोठी दिसते, उंबरठ्याकडे जावं तशी लहान होत जाते. तुमच्याकडे एक फुटी फरश्या आहेत हे फार सोयीचं आहे, कारण प्रत्येक सांधा म्हणजे आयती आखलेली रेघ. दाराच्या मधोमध पुढे दोन, मागे दोन अशा चार फरश्यांचा चौरस धरा. समजा फोटोत त्याची पुढची कड १५०० पिक्सेल रुंद आहे, मागची १०००, आणि दोन्ही कडांमधली उंची ६००. मधला आडवा सांधा कुठे येईल? चेपलेल्या चित्रात ३०० वर, बरोबर मध्यावर. खऱ्या फरशीवर मात्र त्या सांध्यापाशी चौरसाची रुंदी अशी निघते:

```
2 × 1500 × 1000 / (1500 + 1000) = 1200
```

म्हणजे १५०० पासून १००० पर्यंतच्या ५०० च्या घटीतली ३०० घट तिथपर्यंत होऊन गेलेली असते, म्हणून सांधा पुढच्या कडेपासून ३६० पिक्सेल वर येतो. पुढची फरशी ३६० ची, मागची २४० ची. या चौरसात कडेपासून कडेपर्यंत अकरा ठिपके अकरा ओळी मांडल्या, तर पुढच्या दोन ओळींत साधारण ८६ पिक्सेल अंतर पडतं आणि मागच्या दोन ओळींत ४१. तुम्ही चेपलेल्या रांगोळीत सगळीकडे ६०. डोळ्याला आकडे कळत नाहीत, पण ठिपके फरशीशी भांडताहेत हे लगेच कळतं. ठिपक्यांच्या रांगोळीत ही चूक जास्त उघडी पडते, कारण अंतर सारखं असणं हाच तिचा पाया. मुक्तहस्त वेलबुट्टीत खपून जाते.

म्हणून रांगोळी आधी सपाट काढायची. २००० × २००० चा चौकोनी कॅनव्हास घ्या, तोच तुमचा चार फरश्यांचा चौरस. मधोमध एक उभी आणि एक आडवी लाल रेघ वेगळ्या थरावर मारा, हे झाले सांधे. रांगोळी चौरसाच्या मध्यावर नको असेल, उंबरठ्याकडे सरकवायची असेल, तर याच कॅनव्हासवर सरकवा. नंतर फोटोत सरकवली की बैठक मोडते.

रेघेची जाडी मोजूनच ठेवा. चिमटीतून सोडलेली चांगली रेघ चारेक मिलिमीटरची असते. कॅनव्हासवर दोन फूट, म्हणजे साधारण ६०० मिलिमीटर, २००० पिक्सेलमध्ये बसले आहेत, तेव्हा रेघ १३ पिक्सेलच्या आसपास हवी. बहुतेक जण ३०-४० ची मारतात आणि मग ती खडूने रंगवल्यासारखी दिसते. रेघा काढून झाल्या की त्याच सपाट चित्रावर `Filters > Noise > Spread` दोन्ही दिशांना ३-४ पिक्सेल द्या. कडा भुरभुरीत होतात, दोन-चार कण बाहेर सांडल्यासारखे दिसतात. हे सपाट असतानाच करायचं, म्हणजे मागचे कण पुढच्यांपेक्षा आपोआप बारीक होतात. फोटोत बसवल्यावर केलंत तर सगळीकडे एकाच आकाराचे कण येतील.

आता रांगोळी आणि लाल रेघा एका लेयर ग्रुपमध्ये घालून फोटोत आणा. `Shift+P` ने पर्स्पेक्टिव्ह टूल घ्या, Interpolation ला NoHalo ठेवा आणि चारही कोपरे चार फरश्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर नेऊन ठेवा. थराचा आकार पूर्ण २००० × २००० असलाच पाहिजे. रिकाम्या कडा कापल्या गेल्या असतील तर टूल रांगोळीचे कोपरे धरतं, चौरसाचे नाही. मग लाल रेघा बघा. मधल्या सांध्यावर त्या तंतोतंत बसल्या तर काम झालं. कोपरे जुळतात पण मधली रेघ सांध्यापासून सरकते, असं दिसलं तर दोनच कारणं असतात. एक, वाड्यात हाताने बसवलेल्या फरश्या अगदी चौरस नाहीत, तिथे कोपरे चार-पाच पिक्सेल इकडेतिकडे करून मधला मार्ग काढावा लागतो. दुसरं, फोटो मोबाइलच्या ०.५ लेन्सने काढलाय आणि सांधेच वाकलेले आहेत. तसं असेल तर आधी फोटोवर `Filters > Distorts > Lens Distortion` लावून सांधे सरळ करा, नाहीतर १x ने पुन्हा काढा. मी तर पुन्हाच काढते.

सपाट रांगोळीची प्रत जपून ठेवा. बैठक बदलावीशी वाटली तर तिच्यावरूनच नव्याने बसवा, बसवलेलीच पुन्हा ओढू नका. प्रत्येक ओढाताणीत बारीक रेघा पुसट होत जातात.

आता पांढरा रंग. `Multiply` मध्ये वरचा थर खालच्याला फक्त काळवंडवू शकतो, पांढऱ्याचा परिणाम शून्य. म्हणून तुमची रेघ गायब होते. मग लोक `Overlay` कडे वळतात आणि फरशीचे डाग रांगोळीतून आरपार दिसायला लागतात. शिरगोळ्याची भुकटी काही पारदर्शक नसते, ती फरशी झाकते. तेव्हा रांगोळी `Normal` मध्येच हवी. फक्त तिच्यावर त्या जागेचा उजेड पडला पाहिजे.

मला हे उशिरा उमगलं. मागच्या दिवाळीत आमच्या सोसायटीच्या पत्रिकेसाठी असाच फोटो करत होते आणि तीन संध्याकाळी काही केल्या जमेना. शेवटी डब्यातली चिमूटभर रांगोळी घेऊन बाल्कनीतल्या शहाबादीवर एक रेघ ओढली, उभं राहून तिचा फोटो काढला आणि मोठा करून बघितला. मला जी शुभ्र वाटत होती ती सावलीत २०५, २१०, २१६ भरली, थोडी निळसर. मी मात्र फोटोत २५५ टाकत होते. दुसरं, सांध्यावर रेघ तुटली होती, भुकटी फटीत खाली बसली होती आणि वर दिसत होती ती फक्त एक राखाडी खाच. तुम्हीही तुमच्याच उंबऱ्यापुढे एक रेघ ओढून बघा, त्याच वेळी, त्याच उंचीवरून. ते शक्य नसेल तर फोटोतच सावलीतली एखादी पांढरी वस्तू शोधा, चौकटीचा पांढरा रंग वगैरे, आणि कलर पिकरने तिचा आकडा घ्या. रांगोळी त्याहून उजळ ठेवू नका.

उजेड आणायचा तो असा. फरशीच्या थराची प्रत काढून ती राखाडी करा आणि `Gaussian Blur` ५०-६० पिक्सेल द्या, म्हणजे सांधे आणि खडबड पुसली जाऊन फक्त दाराकडून आत येत मंदावणारा उजेड उरतो. `Colors > Levels` मध्ये पांढरी खूण ओढत आणा, चौरसातली सगळ्यात उजळ जागा जवळजवळ पांढरी होईपर्यंत. ही प्रत रांगोळीच्याच ग्रुपमध्ये, रांगोळीच्या वर, `Multiply` मध्ये ठेवा. ग्रुप `Normal` हवा, `Pass Through` नको. थराचा `Composite Mode` हा `Clip to Backdrop` ठेवा, म्हणजे उजेड फक्त रांगोळीवर पडेल, फरशी दुसऱ्यांदा काळवंडणार नाही. आता उंबरठ्याच्या सावलीतली रेघ आपोआप मळकी होते आणि पुढची उजळ राहते. माझ्या मते रांगोळी फरशीला चिकटते ती इथे.

खाली गेरूचा चौकोन हवा असेल तर तो मात्र वेगळ्या थरावर `Multiply` मध्येच करा. गेरूचा हात पातळ असतो, त्यातून शहाबादीचा पोत दिसतोच. पांढरी भुकटी झाकते आणि गेरू भिनतो, म्हणून दोघांचा मोड एक असू शकत नाही.

पोताबद्दल सगळीकडे `Filters > Map > Displace` सुचवतात. वापरा, पण जपून. भुकटी हातातून सरळ खाली पडते, त्यामुळे वरून बघितलं तर खडबडीत फरशीवरही रेघ सरळच असते. ती वाकडी दिसते ती आपण तिरकं बघतो म्हणून, आणि तीही फक्त वर-खाली. तेव्हा आडवं सरकणं शून्य ठेवा आणि उभं २-३ पिक्सेल. नकाशा म्हणून फरशीची नुसती राखाडी प्रत देऊ नका, ती मुळात गडद असते आणि मधल्या राखाडीपासून जितकी दूर तितकी अख्खी रांगोळी एका बाजूला सरकते. तिच्यावर आधी `Filters > Enhance > High Pass` लावा. तरीही तेलाचा डाग आणि खड्डा यांतला फरक या फिल्टरला कळत नाही, त्याला फक्त उजळ आणि गडद कळतं. पणतीच्या डागापाशी रेघ उगाच वळली तर तिथला परिणाम पुसून टाका.

सांधे मी हातानेच करते. रांगोळीच्या थराला मास्क लावून रेघ जिथे सांधा ओलांडते तिथे सांध्याच्या रुंदीइतकी जागा बारीक मऊ ब्रशने ६०-७० टक्के काळी करते. अकरा ओळींच्या रांगोळीत अशा जागा वीसेक निघतील, पंधरा मिनिटांचं काम. मोठा करून बघितलेला फोटो खोटा ठरतो तो बहुतेक वेळा याच फटींमुळे, कारण रेघ सांध्यावरून पुलासारखी निघून गेलेली असते.

सावलीचा मोह आवरा. भुकटीचा थर जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर उंच असतो आणि पुढच्या कडेला एक मिलिमीटर म्हणजे अडीच पिक्सेल. दारातून पसरट उजेड येत असेल तर सावली दिसणारच नाही. ट्यूबलाइट किंवा तिरकं ऊन असेल तर उजेडाच्या उलट बाजूला २-३ पिक्सेलची, न पसरवलेली, फिकट कड पुरे. तुमची आत्ताची रांगोळी तरंगते त्यात `Drop Shadow` ची ती मऊ पसरलेली सावली असेल, तर ती आधी काढा.

शेवटी रांगोळीवर अर्धा पिक्सेल ब्लर द्या आणि चौरस १०० टक्क्यांवर बघा. शेजारच्या फरशीवर कॅमेऱ्याचा जितका कण दिसतो तितकाच रांगोळीवर येईपर्यंत `Filters > Noise > RGB Noise` अगदी थोडा वाढवत न्या. दारात चपला किंवा कुंडी असेल आणि रांगोळीची कड तिच्याखाली जात असेल, तर तेवढा भाग त्याच मास्कमध्ये झाका.