|x² − 1| चं इंटिग्रेशन: प्रत्येक तुकड्याचा C वेगळा का?

*"∫|x² − 1| dx चे तीन तुकडे केले, तिन्हींना +C लावलं, तर सरांनी चूक दिली. वेगवेगळे कॉन्स्टंट का लागतात आणि ते काढायचे कसे?"*

वेगवेगळे लागतात, पण ते सुटे नसतात. मोकळा एकच, बाकीचे दोन त्याच्यावरून ठरतात.

−1 ते 1 मध्ये x² − 1 ऋण असतं, म्हणून तिथे 1 − x² चं इंटिग्रेशन करायचं. तीन तुकडे असे:

x < −1 : x³/3 − x + C₁
−1 ≤ x ≤ 1 : x − x³/3 + C₂
x > 1 : x³/3 − x + C₃

आता सांध्यावर जा. x = 1 ला मधला तुकडा 2/3 + C₂ वर येऊन थांबतो आणि उजवा −2/3 + C₃ पासून निघतो. दोन्ही जुळायला हवेत, म्हणून C₃ = C₂ + 4/3. तसंच x = −1 ला डावा 2/3 + C₁ वर संपतो, मधला −2/3 + C₂ वर सुरू होतो, म्हणून C₁ = C₂ − 4/3. आता C₂ ला नुसतं C म्हणा. तुकड्यांना अनुक्रमे C − 4/3, C आणि C + 4/3 लागतील.

तिन्हींना एकच C ठेवला तर काय बिघडतं? 0 ते 2 चं इंटिग्रल काढून बघा. F(2) − F(0) = 8/3 − 2 = 2/3 येतं. पण 0 ते 1 चंच क्षेत्रफळ 2/3 आहे! म्हणजे 1 ते 2 मध्ये काहीच नाही, असं झालं. प्रत्यक्षात तिथे आलेख 0 पासून 3 पर्यंत चढतो. राहिलेले 4/3 मिळवले की बरोबर उत्तर 2 येतं. बारावीत मीही हेच करून मार्क घालवले होते, तेव्हापासून सांध्यावर दोन्हीकडच्या किमती टाकून बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

सांधा जुळला की तिथला डेरिव्हेटिव्ह वेगळा तपासावा लागत नाही. |x² − 1| स्वतः संतत आहे, त्यामुळे x = 1 ला दोन्ही बाजूंचे उतार 0 च येतात. मूळ फंक्शनच उडी मारत असेल तर मात्र असं होत नाही. x < 0 ला −1 आणि x ≥ 0 ला 1 असं फंक्शन घ्या. सांधा जुळवला की |x| + C मिळतं. ते संतत आहे, डेफिनिट इंटिग्रलला बिनधास्त वापरा, पण 0 ला त्याला टोक आहे, तिथे डेरिव्हेटिव्हच नाही. कुठलाही C घेऊन ते टोक जात नाही.

आणि 1/x² सारख्या ठिकाणी जुळवायच्या फंदात पडूच नका. −1/x हे 0 च्या डावीकडून +∞ कडे आणि उजवीकडून −∞ कडे जातं. तिथे सांधाच नाही, म्हणून दोन्ही बाजूंचे C खरोखरच स्वतंत्र.