गल्लीला धुळवडीचं निमंत्रण

बेळगाव,
१० मार्च २०२५

बाळ, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मजकूर वाचला. "उद्या कुणाला सोडणार नाही, दार लावून बसलात तरी बाहेर काढू, बुरा न मानो!" दोस्तांच्या ग्रुपवर चालेल. पण हाच मजकूर गल्लीच्या ग्रुपवर गेला, की दम्याचा त्रास असलेला, तान्हं मूल असलेला किंवा नुसताच रंग न आवडणारा माणूस त्यात धमकी वाचतो. त्यातून "बुरा न मानो" म्हटल्यावर त्याला नको म्हणायलाही जागा उरत नाही. तो आदल्या रात्रीच गाव सोडतो आणि तुमच्या पोळीलाही मुकतो.

आधी "उद्या" काढ. मेसेज पुढे-पुढे जातो आणि उद्याचा परवा होतो. शिवाय बेळगाव शहरात धुळवडीला रंग, तर शहापूर-वडगावकडे रंगपंचमीला. पाहुण्यांचा गोंधळ ठरलेलाच. वार आणि तारीख दोन्ही घाल. वेळ १० ते १२ अशी बांधून दे. यंदा धुळवड शुक्रवारी आहे आणि रमजान चालू आहे, त्यामुळे दुपारच्या नमाजाला निघालेल्यांच्या कपड्यांवर थेंबही उडायला नको. बारावीच्या पोरांची परीक्षाही चालू आहे. बारा म्हणजे बाराच.

आता मुख्य गोष्ट. "ज्यांना रंग नको त्यांनी कळवा" असं लिहू नकोस. कळवायचं म्हणजे साठ जणांपुढे कारण सांगायचं, आणि मग कुणीतरी "काका घाबरले" म्हणून हसणार. खूण खेळणाऱ्याने बाळगावी. जो काहीच करत नाही, ज्याने मेसेज वाचलाच नाही, जो नुसता दूध आणायला निघालाय, तो आपोआप रंगाबाहेर राहिला पाहिजे.

खुणेला मनगटावरचा लाल दोरा सुचेल, पण तो देवळातला म्हणून निम्म्या गल्लीच्या हातात आधीच असतो. लाल-पिवळी किंवा भगवी पट्टी तर नकोच. आपल्या गावात या रंगांना आधीच भलते अर्थ चिकटलेत. जुन्या पांढऱ्या धोतराच्या चार बोटं रुंद, हातभर लांब पट्ट्या फाड आणि दंडावर, बाहीच्या वरून बांधायला सांग. मनगटावरची पट्टी गुलालात दिसेनाशी होते, दंडावरची लांबून कळते. लहान पोरं मात्र खूण विसरतात, त्यांच्यावर एक मोठा माणूस नेम.

थट्टा करायची ती स्वतःची. न खेळणाऱ्याला "पुस्तकी", "नाजूक" म्हटलंस की सगळी मेहनत वाया. असं काहीतरी जमेल:

"होळी रे होळी, पुरणाची पोळी! शुक्रवार, १४ मार्च, सकाळी १० ते १२, देवळासमोर कोरडा गुलाल. या गा सगळे! खेळणाऱ्यांनी दंडाला पांढरी पट्टी बांधायची, पट्ट्या माझ्याकडे आहेत. पट्टी नाही त्याला रंग नाही, आणि का नाही हेही विचारायचं नाही. जिना, दारं, गाड्या, मुकी जनावरं यांना सुट्टी. पहिली मूठ माझ्या डोक्यावर, मी नवा शर्ट घालून येतोय. बारानंतर ताक सगळ्यांना, पट्टी असो वा नसो."

शेवटचं वाक्य कापू नकोस. रंग न खेळणाऱ्यालाही यायला कारण मिळतं ते तिथेच.

गल्लीत कन्नड बोलणारी घरं आहेत. वर "होळी हब्बद शुभाशयगळु" एवढंच टाकून खाली नियम मराठीत ठेवलास तर शुभेच्छा पोचतील, नियम नाही. वेळ आणि पट्टीची ओळ कन्नडमध्येही हवी, आणि ती कन्नड मातृभाषा असलेल्या मित्राकडून वाचून घे. मशीनच्या भाषांतरात "गुलाल लावणे" काय होईल सांगता येत नाही.

वयस्कर शेजाऱ्यांना वेगळं लिही, पण "तुम्हाला रंग आवडत नाही हे माहीत आहे" असं नको, ते डिवचल्यासारखं होतं. "काकू, होळीच्या शुभेच्छा. साडेबाराला हात धुऊन पोळी घेऊन येतो, कटाची आमटी तुमच्याकडची" एवढं पुरे. मग खरंच हात धुऊन जा, नखांतला गुलालसुद्धा काढून. ज्या घरात यंदा दुःख झालंय तिथे मेसेजच नको, जाऊन बसून ये.

ग्रुपवर कुणी नाव घेऊन चिडवलंच तर भांडू नकोस, पण गप्पही बसू नकोस. "ते ताकाच्या पंगतीला पहिले आहेत, तू पट्ट्या फाडायला ये" असं लगेच लिही. तासभर थांबलास तर खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते आणि मग बोलून उपयोग नसतो.

मेसेज बुधवारी रात्री आठ-नऊच्या सुमारास टाक. गुरुवारी सगळे होळीच्या लाकडांत गुंतलेले असतात, आणि शुक्रवारी सकाळी फोन कुणी खिशातून बाहेर काढत नाही.