फॉलोऑन द्यावा की नाही : आघाडी शेवटी बघा, आधी बॉलरचे बूट बघा

प्रश्न : दिल्ली कसोटीत गिलने 270 च्या आघाडीवर वेस्ट इंडीजला फॉलोऑन दिला, म्हणजे लगेच परत बॅटिंगला लावलं, आणि आपले बॉलर दमून गेले. मॅच जिंकलो, पण घरात यावरून वाद सुरू आहे. भावाचं म्हणणं, 200 च्या वर आघाडी असेल तर फॉलोऑन द्यायचाच, समोरचा पडलेला असताना त्याला उठू का द्यायचं? मी आमच्या क्लबचा कॅप्टन आहे, पुढच्या महिन्यात तीन दिवसांची मॅच आहे. नक्की काय बघून ठरवतात?

उत्तर :

तुमच्या भावाचं वाक्य मी स्वतः मैदानावर बोललेलो आहे, अगदी त्याच शब्दांत. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. आधीच सांगतो, मी रणजी वगैरे खेळलेलो नाही. जिल्हा पातळीवर अकरा वर्षं खेळलो, त्यातली चार कॅप्टन होतो. पटलं तर घ्या.

दिल्लीचंच घेऊ. आपले 518, त्यांचे 248. त्यांचा पहिला डाव तिसऱ्या दिवशी संपला तेव्हा आपल्या बॉलरांनी 82 ओव्हर टाकलेल्या होत्या आणि त्या दिवसाच्या अजून साधारण 50 ओव्हर बाकी होत्या. फॉलोऑन दिला की दोन डावांमध्ये फक्त दहा मिनिटं मिळतात. त्यात बॉलरने पाणी प्यायचं, मोजे बदलायचे की परत रनअपवर. संध्याकाळी ते 2 बाद 173 होते. कॅम्पबेल आणि होप दोघांनी शतकं मारली, शेवटच्या जोडीने 79 जोडले आणि डाव 390 वर थांबला. दोन्ही डाव मिळून आपण एका दमात 200 ओव्हर टाकल्या. मग 121 करायचे होते, ते आपण पाचव्या दिवशी सकाळी केले.

आता उलटं करून बघा. आपण स्वतः बॅटिंगला गेलो असतो, 40 ओव्हर चारच्या गतीने खेळलो असतो, तर 160 आले असते. म्हणजे समोर 430 चं लक्ष्य. त्याच संध्याकाळी डाव घोषित करून दहाएक ओव्हर नव्या चेंडूने टाकायला मिळाल्या असत्या, तेही तीनेक तास पॅव्हेलियनमध्ये पाय वर करून बसलेल्या बॉलरांकडून. आणि पुढे अख्खे दोन दिवस शिल्लक. वेळेची टंचाई कुठेच नव्हती. म्हणून माझ्या मते तिथे फॉलोऑन द्यायला नको होता. गिलच्या बाजूने एकच म्हणता येईल, की ती विकेट मंद होती, फुटत नव्हती. पण मग हा मुद्दा दोन्हीकडून लागू होतो. विकेट फुटतच नसेल तर दमलेल्या बॉलरांनी तिच्यावर काय करायचं?

इथेच बहुतेक लोक घसरतात. फॉलोऑन दिला की समोरचा संघ तिसऱ्या-चौथ्या दिवशी खेळतो, म्हणजे विकेट अजून बऱ्यापैकी शाबूत असताना. आणि ती फुटायला लागते तेव्हा चौथ्या डावात तिच्यावर उभं राहायची पाळी तुमची येते. दुसरं म्हणजे रोलर. मॅचचा पहिला डाव सोडला तर प्रत्येक डावाआधी बॅटिंग करणाऱ्या कॅप्टनला सात मिनिटांपर्यंत रोलर मागता येतो. फॉलोऑनमध्ये ही संधी पुन्हा त्यालाच मिळते. तो जड रोलर मागतो, वरचा सैल थर दाबला जातो आणि सकाळी जो चेंडू उसळत होता तो घोट्यापर्यंत यायला लागतो. हे मी वाचून सांगत नाही.

आता माझी गोष्ट. तीन दिवसांची मॅच, एप्रिल महिना. आमचे 342, त्यांचे 181. आघाडी 161, तीन दिवसांच्या मॅचला 150 लागते, म्हणजे हिशेबात बसत होतं. दुसऱ्या दिवशीचे चार वाजले होते. गटात वर जायला आम्हाला निर्णायक विजय हवा होता, नुसत्या पहिल्या डावाच्या आघाडीचे गुण पुरणार नव्हते. मी बाउंड्रीकडे चालता चालता सगळ्यांना ओरडून विचारलं, "काय रे, दमलात का? देऊ या ना परत?" सगळे म्हणाले, "दे दे, आजच चार काढतो." मी लगेच अंपायर आणि त्यांच्या कॅप्टनला सांगून टाकलं. एकदा सांगितलं की बदलता येत नाही, हे लक्षात असू द्या.

आमचा डावखुरा स्पिनर तेव्हा काहीच बोलला नव्हता. 74 पैकी 29 ओव्हर त्याने टाकल्या होत्या. नवा चेंडू थोडा जुना झाल्यावर मी त्याला बोलावलं, तर त्याने हात पुढे केला. तर्जनीच्या पेराला जिथे शिवण घासते तिथली कातडी उघडी पडली होती, आत लालभडक. तो म्हणाला, "दादा, सगळ्यांसमोर कसं सांगणार?" फास्ट बॉलरचा डावा बूट पुढून फाटलेला होता, अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, तो पट्टी लावून टाकत होता. हे सगळं मला बाउंड्रीवरच दिसायला हवं होतं. मी स्कोअरबोर्डकडे बघत होतो.

त्या संध्याकाळी 17 ओव्हरमध्ये एकही विकेट नाही. तिसऱ्या दिवशी ते 7 बाद 294 वर उभे होते तेव्हा वेळ संपली. मॅच अनिर्णित, आम्ही गटातून बाहेर, आणि तो स्पिनर पुढच्या दोन मॅच बोट बांधून बेंचवर. 161 च्या आघाडीवर आम्ही संध्याकाळी 17 ओव्हर आणि सकाळी 15 ओव्हर फटकेबाजी केली असती तरी 280-290 चं लक्ष्य आणि 70 च्या वर ओव्हर, तेही तिसऱ्या दिवसाच्या विकेटवर. आजही कधी झोप लागत नसली की हा हिशेब डोक्यात सुरू होतो.

म्हणून माझा नियम, तज्ज्ञ वाद घालतील पण घालोत : बॉलरला एकेकटं बाजूला घेऊन विचारायचं. "दमलास का" असं विचारायचं नाही, त्याला "नाही" हेच उत्तर येतं. "आत्ता लगेच सात ओव्हरचा स्पेल टाकशील का, की उद्या सकाळी?" असं विचारायचं. उत्तराआधी तो किती वेळ घेतो ते बघायचं. आणि स्पिनरची बोटं स्वतः हातात घेऊन बघायची.

लोक कोलकाता 2001 चं उदाहरण देतात, पण चुकीच्या कारणासाठी. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉकडे 274 ची आघाडी होती आणि आपला पहिला डाव 58.1 ओव्हरमध्येच आटोपला होता, त्यात मधे एक रात्रही गेली होती. म्हणजे निर्णयाच्या क्षणी त्यांचे बॉलर दमलेले नव्हते, कागदावर फॉलोऑन बरोबरच होता. गणित नंतर बिघडलं. लक्ष्मण आणि द्रविड चौथा दिवस पूर्ण खेळले, त्या दिवशी एकही विकेट नाही. दुसरा डाव 178 ओव्हर चालला, वॉर्नने 34 ओव्हरमध्ये 152 दिले, शेवटी हेडन, स्लेटर आणि लँगरनेसुद्धा हात फिरवून पाहिला. आणि दमतात ते फक्त बॉलर नव्हे. दोन-अडीच दिवस उन्हात उभे राहिलेले बॅट्समन पाचव्या दिवशी चहापर्यंत 3 बाद 161 होते आणि तिथून 212 वर संपले. हरभजनने काढल्या हे खरंच, पण समोर थकलेले पाय होते.

वेलिंग्टन 2023 मध्ये स्टोक्सने 226 च्या आघाडीवर फॉलोऑन दिला. त्याचा स्वतःचा गुडघा दुखरा, त्यामुळे एक बॉलर आधीच कमी. न्यूझीलंडने 483 केले, एकट्या जॅक लीचने 61.3 ओव्हर टाकल्या आणि इंग्लंड एका रनने हरलं. तरी एक सांगतो, फॉलोऑन देऊन कसोटी हरणं फार म्हणजे फारच दुर्मीळ आहे, तोपर्यंतच्या सगळ्या इतिहासातली ती चौथी वेळ. हरण्याच्या भीतीने कोणी थांबू नये. खरी किंमत बॉलरच्या अंगातून वसूल होते, आणि ती पुढच्या मॅचला कळते.

मग द्यायचा कधी? माझ्या मते सगळ्यात चांगला फॉलोऑन म्हणजे रात्र पडल्यावर दिलेला. 2019 ला पुण्यात, गहुंज्याला, आपण 5 बाद 601 वर डाव सोडला. दक्षिण आफ्रिका तिसऱ्या दिवसाच्या शेवटी 275 वर संपली. महाराज आणि फिलँडरने नवव्या विकेटला 109 जोडून आपल्याला उन्हात चांगलंच घुमवलं होतं. तिथे लगेच परत बॉल टाकायचा असता तर मी नको म्हटलं असतं. पण बॉलर हॉटेलवर जाऊन जेवले, झोपले, आणि कोहलीने सकाळी फॉलोऑन दिला. 326 ची आघाडी, ताजे पाय, नवा चेंडू, इशांतने पहिल्याच ओव्हरमध्ये मार्करमला पायचीत केलं. त्याच दिवशी 189 वर सगळे बाद. आघाडी 270 ची 326 झाली म्हणून फरक पडला असं मला वाटत नाही. फरक झोपेचा होता.

दुसरी वेळ म्हणजे आभाळ भरून आलेलं असताना, किंवा वेळच कमी उरलेला असताना. पाऊस दिवस खाणार हे दिसत असेल तर स्वतः बॅटिंग करून ओव्हर जाळण्यात अर्थ नाही, बॉलर दमले तरी टाकायलाच हवं.

आणि फॉलोऑन नाही दिला तर मग झटपट खेळा, एवढी कळकळीची विनंती. 2007 ला ओव्हलवर द्रविडकडे 319 ची आघाडी होती, मालिकेत आपण 1-0 पुढे होतो, न देण्याचं कारण मला पूर्ण पटतं. पण नंतर सुरुवातीलाच विकेट पडल्या आणि स्वतः द्रविड 96 चेंडूंत 12 वर खेळला. इंग्लंडने 6 बाद 369 करून मॅच अनिर्णित ठेवली. मालिका जिंकलो म्हणून बोलणारे गप्प बसले.

जाता जाता, तुमची मॅच तीन दिवसांची आहे म्हणून. पहिला दिवस पूर्ण पावसात गेला तर ती मॅच दोन दिवसांची धरतात आणि फॉलोऑनची मर्यादा 150 वरून 100 वर येते. आमच्या वेळी स्पर्धेच्या कार्यालयात हे लेखी मागायला तीनदा गेलो. तिन्ही वेळा एकच उत्तर, "सर, नेहमीप्रमाणेच." नेहमी म्हणजे कधी, ते काही त्यांनी सांगितलं नाही, नियमांच्या झेरॉक्सची मागची बाजूही कोरीच होती. तुम्ही आत्ताच पत्र देऊन पोच घेऊन ठेवा. आणि मैदानावर हलका रोलर आहे का तेही बघून या, आमच्याकडे एकच होता, तो ओढायला सहा माणसं लागायची.