टेस्टोस्टेरॉन, थांबलेली पाळी आणि मध्येच दिसणारं रक्त

दोन महिने इंजेक्शनं घेतोय, आवाज फुटायला लागलाय, पण पाळी येतेच. डोस वाढवून घेऊ का?

नको. बहुतेक ट्रान्स पुरुषांची पाळी सहा महिन्यांच्या आत थांबते, काहींना वर्षही लागतं. टेस्टोस्टेरॉन मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संकेत दाबतं आणि गर्भाशयाचं अस्तर हळूहळू पातळ करतं. झडायला अस्तरच उरलं नाही की पाळी बंद होते. मनाने डोस वाढवला तर रक्त दाट होण्याचा धोका वाढतो. तोवर पाळीचा फार त्रास होत असेल, तर डॉक्टर नॉरएथिस्टेरॉनसारखी गोळी जोडीला देऊ शकतात.

दीड वर्ष पाळी बंद होती. आता पुन्हा डाग पडतात. दर तीन आठवड्यांनी २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन घेतो, एकही चुकवलेलं नाही.

डाग कोणत्या दिवशी पडतात, ते आधी लिहून काढा. पुढच्या इंजेक्शनच्या आधीचे तीन-चार दिवसच पडत असतील, तर इंजेक्शनचा असर तिसऱ्या आठवड्यात ओसरत असावा. पातळी घसरली की अंडाशय पुन्हा डोकं वर काढतं आणि अस्तर थोडं वाढून झडतं.

खात्रीसाठी रक्त द्यायचं ते पुढचं इंजेक्शन घेण्याच्या दिवशी, सुई टोचण्याआधी. समजा, तेव्हा पातळी डेसिलिटरला २०० नॅनोग्रॅम आली. पुरुषांची नेहमीची पातळी साधारण ३०० ते १००० असते, म्हणजे ही कमीच. मात्र टोचल्यानंतर दोन-तीन दिवसांनी तपासलं असतं, तर आकडा भरपूर आला असता आणि ‘सगळं ठीक’ म्हणून तुम्हाला घरी पाठवलं असतं. इथे एकूण औषध वाढवायची गरज नसते, अंतर कमी करायचं असतं. आठवड्याला सुमारे ८० मिलिग्रॅम घेतलं तर बेरीज जवळपास तीच राहते, पण चढउतार कमी होतात. हा बदल डॉक्टरांकडूनच करून घ्या. पातळी चांगली असूनही डाग पडत राहिले, तर पॉलिप, फायब्रॉइड किंवा जंतुसंसर्ग शोधावा लागतो. सोनोग्राफी पोटावरूनही होते, आतून नको असेल तर तसं आधीच सांगा.

पाळीच नाही, मग दिवस जायची भीती नाही ना? परवा संबंधांनंतर थोडं रक्त आलं.

भीती आहे. पाळी बंद असतानाही अधूनमधून अंडं सुटू शकतं, आणि टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे. गर्भ राहिलाच तर ते त्याला अपायकारक असतं. तुमच्या संबंधांतून गर्भ राहण्याची शक्यता असेल, तर आधी लघवीची चाचणी करा. ती निगेटिव्ह आली, तर टेस्टोस्टेरॉनमुळे योनीची त्वचा कोरडी, नाजूक होऊन घासली गेली असण्याची शक्यता मोठी. त्यावर तिथेच लावायचं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं. त्याचं फारच थोडं औषध रक्तात उतरतं, त्यामुळे दाढी-आवाजावर परिणाम होत नाही. तरी गर्भाशयाचं तोंड एकदा तपासून घ्याच. तासाला पॅड भिजेल इतकं रक्त गेलं किंवा चाचणी पॉझिटिव्ह असून पोटात एका बाजूला कळ आली, तर ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत जा.