डासांची जाळी ताणायची नसते

प्रश्न: खिडकीसाठी अॅल्युमिनियम चॅनेल आणि रबर वापरून डासांच्या जाळीची फ्रेम घरी करता येईल का? जाळी फायबरची घ्यावी की स्टीलची? बसवल्यावर ती ढिली पडू नये म्हणून काय करावं?

करता येते, आणि नीट येते. पण ढिली पडण्याची काळजी तुम्ही उगाच करताय. जाळी बिघडते ती जास्त ताणल्यामुळे, आणि हे मी आमच्या थोरल्या दिरांना गेली कित्येक वर्षं सांगतेय.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. घराला रंग काढला तेव्हा भाऊजींनी त्यांच्या ओळखीचा कारागीर आणला. बेडरूमची खिडकी साधारण तीन बाय चार फुटांची. फ्रेम ८९५ मिलिमीटर रुंद आणि ११९७ उंच कापली होती, कोपरेही काटकोनात होते. पण जाळी लावताना एकाने ओढून धरली आणि दुसऱ्याने चॅनेलच्या खोबणीत रबर दाबलं. भाऊजी शेजारी उभे, म्हणे बोट मारलं की वाजली पाहिजे. वाजलीसुद्धा. आठवड्याभरात खोलीत पहिल्यासारखेच डास. मी टेप लावला तर कोपऱ्यांजवळ रुंदी ८९५ आणि मधोमध ८८७. कोपरे घट्ट धरलेले असतात, पण लांब दांडीला मध्ये कशाचाच आधार नसतो. त्यामुळे जाळी तिला आत ओढते आणि फ्रेम डमरूसारखी होते. दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर गेले, त्यात बसवायला ठेवलेली मोकळीक. डासाला तेवढी फट भरपूर झाली. कारागिराने तिथे सिलिकॉन भरलं, म्हणजे फ्रेम पुसायलाही काढता येईना.

शेवटी मी सिलिकॉन खरवडून फ्रेम काढली, जुनं रबर उपसलं आणि नवी जाळी स्वतः बसवली. फ्रेम सपाट फरशीवर, खोबण वर. दोन्ही कर्ण मोजले, १४९५ च्या आसपास सारखे आले. मग लांब दांड्यांच्या मधोमध, आतल्या बाजूने, एक लाकडी पट्टी आडवी अडकवली. ती आतल्या रुंदीपेक्षा मिलिमीटरभर जास्त कापायची, म्हणजे दांड्या आत येऊच शकत नाहीत. सगळं रबर बसेपर्यंत ती काढायची नाही.

जाळी चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त ठेवून नुसती पसरायची. तिचे धागे चॅनेलला समांतर आहेत एवढंच बघायचं. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून आधी एक लांब बाजू, मग लगतची आखूड, असं फिरत जायचं. रबर दाबायच्या रोलरला दोन चाकं असतात, त्यातल्या ज्या चाकाच्या कडेला खाच आहे त्याने रबर थोडं थोडं दाबत पुढे सरकायचं. रबर खोबणीत उतरताना जाळीला स्वतःबरोबर आत घेतं, आणि जाळीला लागतो तेवढा ताण त्यानेच येतो. हाताने ओढायची गरजच नाही. शेवटच्या बाजूला सुरकुती दिसली तर तेवढं रबर उपसून जाळी सरळ करायची आणि पुन्हा दाबायचं.

रबरसुद्धा ताणून बसवू नका. ताणलेलं रबर पुढे आखडतं, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर लवकरच, आणि कोपऱ्यातून बाहेर येतं. ते नुसत्या अंगठ्याने आत जात असेल तर बारीक आहे, बदलून आणा. चॅनेलचा तुकडा दुकानात घेऊन गेलात तर माप चुकत नाही. जादा जाळी कापताना कटरला नवं पातं लावा आणि ते रबराच्या बाहेरच्या कडेने, टोक बाहेरच्या बाजूला कलतं धरून चालवा.

पट्टी काढल्यावर मधली रुंदी ८९४ भरली. जाळी बोटाने दाबली तर थोडी दबते. भाऊजी आजही तिला ढिली म्हणतात. त्यांच्या घरच्या जाळ्या वाजतात आणि कडेला कापडाच्या चिंध्या खोचलेल्या असतात. संध्याकाळी खिडक्या लावून घेतो हा त्यांचा युक्तिवादही मला मान्य नाही, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

जाळीचं विचाराल तर वरच्या मजल्यावर फायबर घ्या. तळमजल्यावर उंदीर-मांजरांचा वावर असेल तर स्टील, ३०४ ग्रेडचं, कारण फायबर उंदीर कुरतडतो. स्टीलची जाळी आधी रोलरच्या गोल कडेच्या चाकाने खोबणीत दाबून घ्यावी लागते, मगच रबर.

खिडकीची रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी आकड्यातून तीन मिलिमीटर वजा करा. उंचीचंही तसंच. हे सगळं बाहेर उघडणाऱ्या झडपांच्या खिडकीचं आहे, जिथे जाळी आतून बसते. कडीला हात पोचावा म्हणून फ्रेमला एका बाजूने बिजागरी लावा. चार फुटांपेक्षा उंच फ्रेमला मध्ये कायमची आडवी दांडी टाका. सरकत्या खिडकीला जाळीसाठी वेगळा ट्रॅक लागतो, तिथे ही फ्रेम उपयोगाची नाही.